उरलेले वडे, समोसे आणि भाजलेल्या भाज्या पुन्हा कुरकुरीत कशा करायच्या

आदल्या दिवशीचा बटाटेवडा मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की तो गरम होतो, पण वडा राहत नाही. बेसनाचं आवरण ओलसर, वातड होतं आणि हातात घेताच सारणापासून सुटायला लागतं. तोच वडा ओटीजीत किंवा एअर फ्रायरमध्ये नीट गरम केला, तर ताज्याच्या बराच जवळ जातो. अगदी कढईतून काढल्यासारखा होतो असं मी म्हणणार नाही, पण चहाबरोबर कुरकुर ऐकू येईल इतका नक्की होतो. त्यासाठी आधी तो मऊ का पडला, ते पाहू.

वडा तेलातून निघतो तेव्हा त्याच्या आवरणात पाणी जवळजवळ उरलेलं नसतं. आतलं बटाट्याचं सारण मात्र पाण्याने भरलेलं असतं. पुढच्या काही तासांत हे पाणी हळूहळू कोरड्या आवरणाकडे सरकतं. त्यात गरम वडे झाकणाच्या डब्यात भरले असतील, तर वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि परत वड्यांवर टपकते. म्हणजे आवरणातलं तेल कुठे गेलेलं नाही, तिथे फक्त पाणी आलंय. त्यामुळे आपलं काम तेल घालण्याचं नाही, आवरणातलं पाणी घालवण्याचं आहे, आणि तेही सारण कोरडं न पाडता.

मायक्रोवेव्ह नेमकं उलटं करतो. तो आतलं पाणी तापवतो, त्याची वाफ बाहेर ढकलतो, पण आजूबाजूची हवा गारच असते, त्यामुळे ती वाफ आवरणातच अडकते. ओटीजी आणि एअर फ्रायरमध्ये हवाच गरम आणि कोरडी असते, म्हणून आवरणातलं पाणी उडून जातं. एअर फ्रायरमध्ये पंखा ही हवा जोरात फिरवतो, त्यामुळे तेच काम जवळपास निम्म्या वेळात होतं. ओटीजीला पंख्याचं बटण असेल तर ते जरूर चालू करा.

गरम करण्याआधी, ठेवताना

दुसऱ्या दिवशीचा वडा कसा होईल हे बरंचसं आदल्या रात्रीच ठरतं. उरलेले वडे आधी जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. ताटात ठेवले तर खालची बाजू घामेजते. गार झाल्यावर डब्यात तळाला टिपकागद किंवा किचन टॉवेल घालून एकाच थरात ठेवा, वर आणखी एक कागद टाका आणि मगच झाकण लावा.

हे गार होणं तासन्‌तास चालू द्यायचं नाही. बाहेरच्या हवेत दोन तास, आणि कडक उन्हाळ्यात एक तास, ही मर्यादा धरून चाला. त्यानंतर फ्रीज. फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवले तर खायला हरकत नसते, पण कुरकुरीतपणाचा विचार केला तर दुसऱ्या दिवसानंतर मजा कमी होत जाते. रात्रभर ओट्यावर राहिलेले वडे मात्र टाकून द्यावेत. काही जंतू अन्नात जे विष सोडून जातात, ते नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. मटार, पनीर किंवा चिकन असलेल्या सारणाच्या बाबतीत यात अजिबात सूट नाही.

वडापाव जोडलेला असेल तर आधी सोडवा. ओली हिरवी चटणी चमच्याने पुसून काढा, कारण ती असलेली बाजू कुरकुरीत होणारच नाही. सुकी लसणाची चटणी झटकून वेगळी ठेवा, नाहीतर आत जळून कडू होईल.

बटाटेवडा, पायरीपायरीने

समजा फ्रीजमध्ये चार मध्यम वडे आहेत, प्रत्येक साधारण मोठ्या लिंबाएवढा. फ्रीजमधून काढून ते पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. तेवढ्यात यंत्र तापवून घ्या. एअर फ्रायरला १६० अंशांवर तीन मिनिटं पुरतात, ओटीजीला १८० अंशांवर खालचा आणि वरचा असे दोन्ही रॉड लावून दहा मिनिटं द्यावी लागतात. ही पायरी गाळू नका. थंड यंत्रात ठेवलेला वडा तापत तापत स्वतःच्याच वाफेत शिजत राहतो आणि आवरण कडक होण्याआधी चिवट होतं.

वड्यांवर पाणी दिसत असेल तर टिपकागदाने हलकेच टिपून घ्या. तेल लावायचं नाही. आवरणात मुरलेलं तेल गरम झालं की पुरेसं मोकळं होतं.

एअर फ्रायरच्या बास्केटमध्ये वडे एकमेकांना न टेकता ठेवा, दोन वड्यांमध्ये किमान बोटभर जागा हवी. १६० अंशांवर सहा मिनिटं द्या, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एकदा उलटवा. मग तापमान १९० करा आणि आणखी दोन ते तीन मिनिटं द्या. ओटीजीत वडे मधल्या खणात जाळीवर ठेवा आणि खालच्या खणात ट्रे सरकवा, म्हणजे तेलाचे थेंब आणि चुरा रॉडवर पडून धूर होणार नाही. १८० वर दहा मिनिटं, उलटवून पाच मिनिटं, आणि शेवटी २०० वर तीन मिनिटं.

आधी कमी आणि मग जास्त, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. बटाट्यातून उष्णता सावकाश आत शिरते आणि आवरण मात्र मिनिटभरात तापतं. सुरुवातीपासूनच २०० लावलं, तर आधीच तळून तांबूस झालेलं बेसन करपतं आणि मध्यभाग गार राहतो. म्हणून पहिल्या टप्प्यात सारण गरम करायचं, दुसऱ्यात आवरण. वड्याचा आकार वाढला की पहिला टप्पा वाढवायचा, दुसरा तेवढाच राहू द्यायचा. आणि वाढ अंदाजापेक्षा जास्तच लागते, कारण उष्णतेला मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीडपट जाड वड्याला दीडपट नव्हे, दुपटीहून जास्त वेळ.

झालं की नाही हे पाहायला थर्मामीटर असेल तर सोपं आहे, मध्यभाग ७५ अंशांपर्यंत गेलेला असावा. नसेल तर सुरीचं टोक वड्याच्या मधोमध घाला, दहा सेकंद थांबा, बाहेर काढून ते मनगटाच्या आतल्या बाजूला क्षणभर टेकवा. चांगलं चटका बसेलसं गरम लागायला हवं. कोमट लागलं तर पुन्हा १६० वर दोन मिनिटं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे घाई करतात ती पायरी. वडा बाहेर काढून लगेच बशीत घेऊ नका, दोन मिनिटं जाळीवर ठेवा. गरम असताना आवरण अजून थोडं लवचीक असतं आणि त्यातून वाफ निघत असते. ती निघून गेली आणि वरचा भाग जरा निवला की तेच आवरण कडक होतं. बोटाने टकटक केली तर आवाज येतो. काढल्याकाढल्या मऊ वाटला म्हणून पुन्हा आत ढकललेला वडा हमखास कोरडा होतो.

पाव शेवटच्या मिनिटाला आत टाका. पावाला एवढंच पुरतं.

थोडा मायक्रोवेव्ह, मग एअर फ्रायर

घाई असेल तर एक मधला मार्ग आहे आणि तो मला पटतो. वडे किंवा समोसे मायक्रोवेव्हमध्ये टिपकागदावर, न झाकता, वीस ते तीस सेकंद फिरवा. एवढ्यात आतलं सारण कोमट होतं. मग ते आधीच तापलेल्या एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हने आवरणात आणलेली वाफ गरम हवा लगेच उडवून टाकते. मोठ्या समोशांना तर ही पद्धत सरळ एअर फ्रायरपेक्षाही बरी, कारण कोपरे करपायला वेळच मिळत नाही. मात्र मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण गरम करण्याच्या मोहात पडू नका. मिनिटभर फिरवला तर सारणातलं पाणी इतकं बाहेर येतं की पुढे काही केलं तरी पारी चामड्यासारखी होते. आणि शेवटी सुरीच्या टोकाने मध्यभाग बघायला विसरू नका, मायक्रोवेव्ह कधी कधी एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवतो.

बाकीचे पदार्थ, जिथे वेगळं वागावं लागतं

समोसा आणि कचोरी यांची पारी मैद्याची, जाड आणि मोहन घातलेली असते. ती खुसखुशीत व्हायला सावकाश कोरडी व्हावी लागते. एअर फ्रायरमध्ये १५० अंशांवर आठ मिनिटं, मग १८० वर दोन. समोशाचे कोपरे आधी काळे पडू लागले तर त्यांवर फॉइलच्या लहान टोप्या घाला, पण त्या घट्ट दाबून बसवा. सैल राहिलेलं फॉइल पंख्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतं.

कांदाभजीचं गणित वेगळं. ती पातळ आणि विस्कटलेली, आत गरम करण्यासारखं फारसं सारण नसतं. तिला पहिला टप्पा लागतच नाही. १८० अंशांवर तीन मिनिटं, मधे एकदा बास्केट हलवायची. बाहेर आलेल्या कांद्याच्या तारा आधी काळ्या होतात, म्हणून दुसऱ्या मिनिटालाच डोकावून बघा. मोठी गोळाभजी असेल तर तिला वड्यासारखंच वागवा.

साबुदाणा वडा फ्रीजमध्ये कडक होतो, हे बऱ्याच जणांना खटकतं. साबुदाण्यातला स्टार्च थंडीत आवळतो, तो गरम झाला की पुन्हा मऊ होतो, त्यामुळे घाबरू नका. १७० अंशांवर सात-आठ मिनिटं द्या आणि वरून ब्रशने तेलाचा किंवा तुपाचा अगदी पातळ हात फिरवा. हा एकच तळलेला पदार्थ आहे ज्याला मी तेल लावते, कारण त्याचा पृष्ठभाग फ्रीजमध्ये लवकर सुकून पांढरट पडतो. गरम असतानाच खायचा, पुन्हा गार झाला की परत कडक.

कोथिंबीर वडी उत्तम होते, कारण ती आधी वाफवलेली आणि मग कडेने तळलेली असते. १८० वर चार-पाच मिनिटं, बस. अळूवडीत मात्र चिंच-गूळ असतो आणि गूळ करपायला वेळ लागत नाही. तिला १६० च्या वर जाऊ देऊ नका, आणि कड गडद होऊ लागली की थांबा. मेदूवडा बाहेरून बरा होतो, आत थोडा दाट लागतो. सांबारमध्ये एकदा भिजवलेला मेदूवडा कुरकुरीत होणार नाही, त्याला सांबारसकटच गरम करा.

पुरी, भटुरे यांच्या वाटेला जाऊ नका. त्या फुगलेल्या असतात, कुरकुरीत नसतात. गरम हवेने त्या पापडासारख्या होतात आणि त्या अवस्थेत त्यांचं काही करता येत नाही. आवडत असेल तर चिवड्यात चुरून घाला.

पावसाळ्यात सादळलेली चकली, शेव, शंकरपाळी हे प्रकरण मात्र खूप सोपं आहे. त्यांच्या आत सारण नाही, फक्त हवेतला दमटपणा शिरलेला असतो. ओटीजी १२० अंशांवर तापवा, ट्रेवर एकाच थरात पसरा आणि आठ-दहा मिनिटं ठेवा. रंग अजिबात बदलता कामा नये. बाहेर काढल्यावर त्या मऊच वाटतात, पूर्ण गार झाल्यावरच कडक होतात, म्हणून दहा मिनिटं थांबून मगच चाखून ठरवा. गार झाल्याशिवाय डब्यात भरलं तर सगळी मेहनत वाया. पोह्यांचा चिवडा एअर फ्रायरमध्ये टाकू नका, पोहे आणि कढीपत्ता उडून कॉइलवर जातात. त्याला ओटीजी किंवा साधी कढई.

शंकरपाळीत साखर असल्याने तिच्यावर जास्त लक्ष ठेवा.

भाजलेल्या भाज्या

इथे वर सांगितलेला क्रम सोडून द्यायचा. भाजलेल्या फ्लॉवरला किंवा बटाट्याच्या फोडीला जाड आवरण नसतं. तिच्यात सगळा स्वाद आणि कुरकुर कडेवरच्या पातळ तपकिरी थरात असते, आणि फोड लहान असल्यामुळे आत उष्णता पटकन पोचते. कमी तापमानावर जास्त वेळ ठेवली तर ती आतून सुकते आणि बाहेरून मऊच राहते. म्हणून भाज्यांना सुरुवातीपासून जास्त आच आणि थोडाच वेळ.

समजा आदल्या रात्री भाजलेला फ्लॉवर आणि बटाटा पाव किलोच्या आसपास उरला आहे. आधी डब्यात तळाला साठलेलं पाणी फेकून द्या आणि फोडी टिपकागदावर दोन मिनिटं पसरून ठेवा. मीठ लावलेल्या भाज्यांना पाणी सुटतंच, आणि हेच पाणी ट्रेवर गेलं की भाज्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात. मग एक चमचा तेल घेऊन हाताने सगळ्या फोडींना चोळा. तळलेल्या पदार्थाला तेल नको म्हटलं, पण भाज्यांना लागतं, कारण त्यांच्यावरचं तेल रात्रीत आत मुरलेलं असतं.

ओटीजी २२० अंशांवर तापवा आणि तापताना रिकामा ट्रेही आतच ठेवा. गरम ट्रेवर फोडी टाकल्या की चर्र आवाज यायला हवा. तो आला नाही तर ट्रे पुरेसा तापलेला नाही. फोडींचा कापलेला सपाट भाग खाली येईल असं ठेवा, मधे जागा सोडा, सहा ते आठ मिनिटं द्या. उलटवायचं नाही. एका बाजूने खरपूस झालेली फोड दोन्ही बाजूंनी अर्धवट झालेल्या फोडीपेक्षा चांगली लागते. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर चार मिनिटं, मधे एकदा बास्केट झटकून.

आदल्या रात्रीच्या मसाल्यात लसूण किंवा साखर असेल तर २२० ऐवजी २०० वर थांबा. लसणाचे तुकडे दिसत असतील तर काढून बाजूला ठेवा आणि शेवटी मिसळा. लिंबू, कोथिंबीर, चाट मसाला वाढतानाच.

बटाटा, रताळं, फ्लॉवर, गाजर आणि कुरकुरी भेंडी यांना यातून चांगला परिणाम मिळतो. रताळ्यात साखर असल्याने कडा लवकर काळ्या होतात, पाचव्या मिनिटाला बघा. ढोबळी मिरची, वांगं, टोमॅटो, मशरूम यांच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नका. त्यांच्यात पाणी इतकं असतं की ते उडेपर्यंत भाजीची सालच उरते. त्या तव्यावर गरम करून सँडविचमध्ये किंवा ऑम्लेटमध्ये वापरलेल्या बऱ्या. मिश्र भाज्या उरल्या असतील तर याच कारणासाठी मऊ भाज्या वेगळ्या काढून ठेवा. त्या ट्रेवर असल्या की शेजारचा बटाटाही ओला करतात.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

वडा बाहेरून काळपट आणि आत गार असेल तर तापमान जास्त होतं. बाहेरून गरम पण रबरासारखा चिवट असेल तर बहुतेक वेळा बास्केट गच्च भरलेली असते; आठ वडे एकदम कोंबण्यापेक्षा चार-चारच्या दोन खेपा कमी वेळात उरकतात, कारण दुसऱ्या खेपेला यंत्र तापलेलंच असतं. सारण भुरभुरीत, कोरडं आणि आवरणाला भेगा पडलेल्या असतील तर वेळ जास्त झाला. वडा तेलाने ओथंबला असेल तर तो मुळातच तेल पिऊन आलेला आहे, जाळीवरून काढल्यावर टिपकागदावर मिनिटभर ठेवा.

दरवेळी एकाच बाजूचे वडे करपत असतील तर दोष पाककृतीत नसून ओटीजीत आहे. लहान ओटीजीची डायल आणि आतलं खरं तापमान यांत पंधरा-वीस अंशांचा फरक असणं अगदी सामान्य आहे, आणि मागचा भाग दाराजवळच्यापेक्षा जास्त तापतो. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, किंवा तेवढं न करता अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवून पुढची बाजू मागे न्या.

एअर फ्रायरमध्ये बटर पेपर वापरायचा असेल तर छिद्रं असलेला घ्या आणि यंत्र तापवताना तो रिकामा आत ठेवू नका. वजन नसलेला कागद पंख्याच्या हवेने उडून कॉइलला लागतो आणि पेटू शकतो. छिद्रं नसलेला कागद किंवा फॉइलचा पूर्ण तळ घातला तर हवा खालून फिरत नाही, आणि मग एअर फ्रायर वापरून उपयोग काय?

एकदा गरम केलेले वडे उरले तर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून तिसऱ्यांदा गरम करू नका. तोवर आवरण ठिसूळ आणि सारण भुसासारखं झालेलं असतं, आणि दरवेळी गार-गरम होताना जंतूंना वाढायला वेळ मिळतो. म्हणून डब्यातून तेवढेच काढा जेवढे आत्ता खायचे आहेत.